जळगावचं जुनं नाव 'पूर्व खानदेश'? कोणी सांगितलं?

परवा पुतणीच्या भरतीच्या गाईडमध्ये शहरांची जुनी-नवी नावं बघत होतो आणि डोकंच फिरलं. 'जळगाव – जुने नाव पूर्व खानदेश.' अरे, कोणी लिहिलं हे? जळगाव शहराचं नाव जळगावच होतं आणि जळगावच आहे! बदललं ते जिल्ह्याचं नाव. इंग्रजांनी 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले, पूर्वचं ठाणं जळगाव, पश्चिमचं धुळे. महाराष्ट्र झाल्यावर जिल्ह्यांना या ठाण्यांचीच नावं मिळाली. घरात जुना दाखला असेल तर काढून बघा, 'मु. जळगाव, जि. पूर्व खानदेश' असं एका ओळीत सापडेल. दोन्ही नावं एकाच कागदावर, एकाच वेळी. मग त्यातलं एक दुसऱ्याचं जुनं नाव कसं होईल? एवढं बघायलाही या लोकांना सवड नाही.

त्याच पानावर छत्रपती संभाजीनगर, आणि पुढे नुसतं '2022'. दुसऱ्या पुस्तकात 2023. पोरगी विचारते, काका, खरं काय? खरं हे की 29 जून 2022 ला मंत्रिमंडळाने ठराव केला तो 'संभाजीनगर'चा. सरकार बदललं आणि 16 जुलैला नव्या मंत्रिमंडळाने 'छत्रपती' जोडून पुन्हा ठराव केला. पण ठराव म्हणजे नामांतर नव्हे. शहराचं नाव बदलायला केंद्रीय गृह मंत्रालयाची हरकत नाही असं पत्र लागतं. ते 24 फेब्रुवारी 2023 ला जाहीर झालं आणि शहराचं नाव तेव्हा बदललं. जिल्हा, उपविभाग, तालुका, गाव ही महसुली बाब. त्यासाठी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, म्हणून त्यांची अंतिम अधिसूचना निघाली 15 सप्टेंबर 2023 ला. म्हणजे मधले जवळपास पावणेसात महिने शहर छत्रपती संभाजीनगर आणि जिल्हा औरंगाबाद!

आता सांगा, नुसतं '2022' छापणाऱ्याला काय म्हणायचं? बातमी आली की तारीख उचलायची, राजपत्र उघडायचंच नाही. पुढचा त्या पुस्तकावरून उतरवतो, त्याच्यावरून क्लासवाला नोट्स काढतो, आणि चार ठिकाणी तेच दिसलं की पोरांना वाटतं खात्री झाली. कसली खात्री? चारही जणांनी एकाच चुकीची नक्कल मारलेली असते! एका प्रश्नाने मेरिट हुकतं इथे. आमच्याकडची पोरं शेतीची कामं उरकून रात्री अभ्यासिकेत बसतात, पोटाला चिमटा काढून ही पुस्तकं घेतात.

नावासमोर शहर की जिल्हा आणि अधिसूचनेची तारीख, एवढं छापायला दोन रकाने लागतात. प्रकाशकाला फोन केला तर म्हणे, 'पुढच्या आवृत्तीत बघू.' आणि ही आवृत्ती घेऊन जी पोरं परीक्षेला बसणार, त्यांचं काय?