‘तंत्रज्ञान झाका, फायदा विका’ हे द्राक्षबागेत टिकत नाही

"डीपटेक विकताना तंत्रज्ञान झाकून ठेवा. गिऱ्हाइकाला फक्त फायदा सांगा, अचूकतेचा टक्क्यातला एकच आकडा द्या, आणि मर्यादा कुणी विचारल्याशिवाय काढू नका." डीपटेक, म्हणजे संशोधनातून आलेलं तंत्रज्ञान, विकणाऱ्यांना हा सल्ला सर्रास मिळतो. माझा अनुभव उलट आहे.

नाशिकमधल्या एका छोट्या कंपनीसाठी मी मजकूर लिहिते. त्यांचं हातात धरायचं यंत्र मणी न फोडता द्राक्षाची साखर मोजतं. मण्यावर अवरक्त प्रकाश पडतो, साखर आणि पाणी त्यातल्या वेगवेगळ्या लहरी शोषतात, आणि परत आलेल्या प्रकाशावरून ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखरेच्या प्रमाणाचा, अंदाज निघतो.

पहिल्या पत्रकावर आम्ही फायदाच छापला होता : ‘वेळेवर काढणी, चांगला भाव.’ पिंपळगावच्या एका बागायतदारांनी वाचून विचारलं, "ताई, ब्रिक्स मीटर माझ्या खिशात आहे. मग हे कशाला?" पुढे एका गुंतवणूकदारानेही नेमकं हेच विचारलं. उत्तर झाकलेल्या तंत्रज्ञानातच होतं. खिशातल्या मीटरला रस लागतो, म्हणून माणूस मोजके मणी फोडून थांबतो. पण घडाच्या खांद्याचे आणि टोकाचे मणी सारखे गोड नसतात, सावलीतले आणखी वेगळे. मग आम्ही लिहिलं : ‘मणी फुटत नाही, म्हणून सगळा प्लॉट मोजता येतो.’ बागायतदाराला त्यात उपयोग दिसला, गुंतवणूकदाराला मीटरपेक्षा वेगळेपण.

टक्क्याने तर दोघांचीही दिशाभूल होते. ‘९५ टक्के अचूक’ म्हणजे कशाच्या ९५ टक्के? १८ ब्रिक्सचे ५ टक्के म्हणजे ०.९. अठराला काढणी धरणाऱ्यासाठी एवढ्यात निर्णय बदलतो. चूक ब्रिक्समध्येच सांगावी, आणि तिचे दोन प्रकारही सांगावेत. एकेका मण्यावर कधी वर कधी खाली जाणारी चूक शंभर मण्यांच्या सरासरीत साधारण दहाव्या भागावर येते. पण यंत्राची जुळवणीच अर्धा ब्रिक्स वर बसली असेल, तर हजार मणी मोजूनही तो अर्धा ब्रिक्स हलत नाही. ही जुळवणीची चूक पकडायचा मार्ग साधा आहे : यंत्राने मोजलेलेच काही मणी फोडून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे त्या खिशातल्या ब्रिक्स मीटरवर, ताडून पाहायचे.

मर्यादांवरून माझा सर्वांत जास्त वाद झाला. थॉमसन या वाणावर जुळवलेलं यंत्र शरद या काळ्या वाणावर तसंच लावलं तर आकडा भरवशाचा राहत नाही. पहाटेच्या गार मण्यावरही तो सरकतो, कारण तापमानाबरोबर पाण्याचं प्रकाश शोषणं बदलतं. हे लपवलं तर पहिल्याच हंगामात यंत्र फडताळात जातं. सांगितलं तर गुंतवणूकदाराला कळतं की प्रत्येक वाणाची फोडून तपासलेली नोंद हीच कंपनीची खरी कमाई आहे. ती गोळा करायला हंगाम लागतात, नुसतं यंत्र उघडून नक्कल होत नाही.

आता खोक्याच्या दर्शनी बाजूवर छापलं आहे : ‘थॉमसनसाठी तयार. दुसरं वाण असेल तर आधी मणी फोडून जुळवा. ऊन चढल्यावर मोजा.’