अक्षय्य तृतीयेला न पोचलेली हापूसची पेटी: व्हिडिओत वाचायचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय, नागपूर, ४ मे २०२५:

"१६ एप्रिलला पूर्ण पैसे भरले. अक्षय्य तृतीयेच्या आधी घरपोच असं लिहून दिलं होतं. २१ तारखेला पेटी निघाली असा मेसेज आला आणि पेटी मिळाली २ मेला! ४८ पैकी ११ आंबे फेकून द्यावे लागले, काही अजून हिरवेगार आहेत. जुना आणि नवा माल मिसळून पाठवलेला सरळ दिसतोय. एक स्टार."

(कॅमेरा स्थिर. टेबलावर ४ डझनांची रिकामी पेटी, पेंढा आणि लेबल. मागे संगीत नको.)

नमस्कार. ताई, तुमची पेटी सणाला पोचली नाही, ही आमची चूक आहे. तुमच्याकडे पितरांना आमरसाचं पान दाखवल्याशिवाय घरात कुणी आंब्याला हात लावत नाही, हे तुम्ही फोनवर सांगितलं होतं. ३० एप्रिलची अक्षय्य तृतीया निघून गेल्यावर आलेली पेटी कितीही चांगली असली तरी ती त्या पानासाठी नव्हती. मनापासून माफी मागतो. तुमच्याबरोबर आणखी १८ घरांना पेट्या उशिरा गेल्या, ही माफी त्यांच्यासाठीही आहे.

आता काय चुकलं ते तारखांसकट सांगतो.

त्या आठवड्यासाठी आम्ही ६१ पेट्यांचे पैसे घेतले. बागेत त्या आठवड्यात उतरवण्याजोगं फळ होतं ४२ पेट्यांचं. मोहोर पाहून आणि झाडावरची फळं मोजून हा अंदाज आधी बांधता येतो. आम्ही तो बांधलाही होता, तरी संकेतस्थळावरची ऑर्डर घेण्याची सोय ४२ वर बंद केली नाही. उशिराचं मूळ इथं आहे. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

(लेबल हातात घेऊन कॅमेऱ्याजवळ.)

दुसरी चूक या कागदाची. कुरिअरच्या यंत्रणेत लेबल तयार केलं की ट्रॅकिंग नंबर पडतो आणि ग्राहकाला 'पेटी निघाली' असा मेसेज आपोआप जातो. तुमचं लेबल २१ तारखेला तयार झालं. तेव्हा तुमचे आंबे झाडावर होते. ते २४ तारखेला सकाळी उतरवले आणि २५ च्या संध्याकाळी पेटी गाडीत चढली. म्हणजे चार दिवस तुम्ही जे ट्रॅकिंग पाहत होतात, त्यामागे पेटीच नव्हती. तुम्हाला ही फसवणूक वाटली, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

२६ ला पेटी कोल्हापूरला पोचली, २७ ला रविवार, २८ ला पुढे निघाली, ३० ला रात्री नागपुरात आली. १ मे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून वाटप २ तारखेला झालं. यात कुरिअरला दोष देण्यासारखं काही नाही. रविवार आणि १ मे दोन्ही कॅलेंडरवर छापलेले असतात. ते दिवस धरून हिशोब करणं आमचं काम होतं.

आणि ज्या चुकीकडे तुमचंही लक्ष गेलं नसेल, ती सगळ्यांत मोठी. समजा पेटी २८ एप्रिलला तुमच्या दारात आली असती. आमचं 'सणाच्या आधी घरपोच' खरं ठरलं असतं, पण ३० तारखेला रस झाला नसता. आम्ही हापूस झाडावर पिकवत नाही. फळ साधारण ८५ टक्के तयार झालं की हिरवं आणि टणक असतानाच उतरवतो. जास्त पिकेपर्यंत झाडावर ठेवलं तर आत साका, म्हणजे गरात पांढरट आंबट भाग, होण्याचा धोका वाढतो आणि बाहेरून तो ओळखता येत नाही. उतरवल्यापासून खाण्याजोगा व्हायला त्याला १० ते १२ दिवस लागतात. ३० एप्रिलला रस हवा असेल तर आंबा १८, फार तर १९ तारखेला झाडावरून उतरलेला हवा. तुमची ऑर्डर १६ ची होती, म्हणजे तुमच्याकडून उशीर झालाच नव्हता. आमच्या हातात दोन दिवस होते आणि ते दोन दिवस आम्ही तुमच्या आधीच्या ऑर्डरी भरण्यात घालवले. घरी पोचण्याची तारीख आणि खाण्याची तारीख या वेगळ्या आहेत, हे आम्हाला ठाऊक असून संकेतस्थळावर आम्ही एकच तारीख लिहिली.

इथवर सगळं आमच्या पदरात आहे. पण 'जुना आणि नवा माल मिसळला' हे वाक्य मात्र मला तसंच सोडता येत नाही. ताई, हे वाक्य लागलं. हे वाचून दोन जणांनी पुढच्या ऑर्डरी रद्द केल्या, म्हणून नीट उत्तर देतो.

(पेटीत पेंढा पसरून, खाली एक थर, वर दुसरा थर लावून दाखवायचा.)

तुमच्या पेटीतले ४८ आंबे एकाच दिवशी उतरवलेले होते. तरी ते एकसारखे पिकत नाहीत, आणि याची कारणं दोन. पहिलं झाडावरचं. हापूसला मोहोर एकदम येत नाही, दोन-तीन टप्प्यांत येतो. एकाच फांदीवर शेजारी लटकलेल्या दोन फळांच्या वयात काही दिवसांचा फरक असतो. आम्ही फळ बघून उतरवतो: देठाजवळचे खांदे भरून वर आलेले असावेत, गर्द हिरवा रंग फिका झालेला असावा. शंका असलेलं फळ पाण्यात सोडतो. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं आणि ते पेटीत जात नाही. एवढं करूनही सगळी फळं एका वयाची होत नाहीत. हापूसची कुठलीही पेटी उघडा, हा फरक दिसेलच.

दुसरं कारण पेटीतलं. पिकणारं फळ स्वतः उष्णता सोडतं आणि इथिलीन नावाचा वायूही. एक फळ आधी पिकायला लागलं की त्याचा वायू शेजारच्याला पिकवतो. या पेटीत २४-२४ चे दोन थर असतात. वरच्या थराला भोकांतून हवा लागते, खालचा थर कोंडलेला राहतो. दोन दिवसांत पेटी उघडली गेली तर फरक किरकोळ असतो. तुमची पेटी आठ दिवस बंद होती आणि त्यातले शेवटचे दिवस नागपूरच्या उन्हाळ्यातले. मग खालचे मऊ पडले आणि वरचे हिरवे राहिले. तुम्ही टाकलेल्या फोटोत अगदी हेच दिसतं. जुना माल वरून मिसळला असता तर मऊ आणि हिरवी फळं दोन्ही थरांत विखुरलेली दिसली असती.

त्या फोटोबद्दल आणखी एक सांगतो, रागावू नका. फोटो ४ तारखेचा आहे आणि त्यात पेटीची पट्टी कापलेली आहे, पण आंबे अजून पेटीतच आहेत. पेटी आली की त्याच तासाला सगळी फळं बाहेर काढायची, घरातल्या थंड खोलीत जमिनीवर पेंढा पसरून एका थरात आढी घालायची, दोन फळांत बोटभर जागा ठेवायची. मऊ झालेली वेगळी काढायची, रोज एकदा फळं फिरवायची. हिरवी फळं फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत, ती पुढे नीट पिकत नाहीत. आणि रंगावर जायचं नाही. कडक उन्हाळ्यात आंबा वरून हिरवट राहून आतून तयार होतो, तेव्हा देठाजवळ वास घ्यायचा आणि अंगठ्यानं हलकं दाबून बघायचं. २ ते ४ मे या दोन दिवसांत असं केलं असतं तर ११ पैकी काही वाचले असते. पण या सूचनांचा कागद आम्ही पेटीच्या तळाशी, पेंढ्याखाली ठेवला होता. तिथं तो कुणाला दिसणार? तेव्हा हेही अर्धं आमच्याकडेच येतं.

फळ आमच्याच बागेतलं होतं, याची खात्री तुम्ही स्वतः करू शकता. प्रत्येक आंब्यावर यंदा कोडचं स्टिकर आहे, अर्धा कोड वर, अर्धा स्टिकरच्या मागे. तो तपासला की बागायतदार आणि गाव कळतं. ४२ नंतरच्या १९ पेट्या शेजारच्या बागेतून विकत घेऊन भरता आल्या असत्या, नाहीतर कोवळं फळ उतरवून वेळेत पाठवता आलं असतं. आम्ही दोन्ही केलं नाही. त्यामुळे उशीर झाला. पण तो उशीर होणार हे १९ तारखेलाच फोन करून सांगायला हवं होतं, म्हणजे तुम्ही सणासाठी दुसरीकडून एक डझन तरी आणला असता. तो फोन आम्ही केला नाही.

(पुन्हा सरळ कॅमेऱ्याकडे.)

पैशांचं: तुमची पेटी ४,८०० रुपयांची आणि कुरिअर ६४०. खराब झालेल्या ११ आंब्यांचे नगाला १०० प्रमाणे १,१०० आणि कुरिअरचे ६४०, असे १,७४० रुपये ज्या खात्यातून आले तिथंच आज परत केले आहेत. पावती मेसेजवर पाठवली आहे. बाकीच्या १८ जणांना कुरिअरचे पूर्ण पैसे परत गेले. ज्यांची फळं खराब झाली त्यांनी फक्त आकडा कळवा. फोटो पाठवायची गरज नाही, फळं परत पाठवायचीही नाही.

उरलेल्या हंगामासाठी: पेटी गाडीत चढल्याशिवाय लेबल तयार होणार नाही. झाकणावर फळ उतरवल्याची तारीख पेननं लिहिलेली असेल आणि आढीच्या सूचना झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या असतील. संकेतस्थळावर आता दोन तारखा दिसतात, पोचण्याची आणि खाण्याजोगा होण्याची. कोकणाबाहेर जाणाऱ्या पेट्या सोमवार ते बुधवारच निघतील, म्हणजे मधे रविवारी अडकून पडण्याची शक्यता कमी होईल. ऑर्डरी किती घ्यायच्या तेही आता बागेकडे बघूनच ठरवू, नेमकी पद्धत अजून बसवतोय.

ताई, जे आंबे हिरवे आहेत ते आज आढीत घाला. ते २४ एप्रिलचे आहेत, दोन-तीन दिवसांत तयार होतील. झाले नाहीत तर मला सांगा, त्यांचेही पैसे देतो.