उजवीकडे सरकलेला कर्व्ह आणि माझं ‘कच्चं बेसिक’

> “लेख वाचून हसू आलं. कर्व्ह उजवीकडे सरकला म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सैल धरतं. मग पेशींना ऑक्सिजन जास्त मिळतो हे कुठलं गणित? आकृतीत आडव्या अक्षाला एकक नाही, कार्बन मोनॉक्साइडचं नाव नाही. बेसिक कच्चं असेल तर निदान विद्यार्थ्यांची दिशाभूल करू नका.”

नमस्कार. ही प्रतिक्रिया माझ्या ज्या लेखावर आहे, त्यात मी म्हटलं होतं की हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन-कर्व्ह उजवीकडे सरकला तर पेशींना जास्त ऑक्सिजन मिळतो. या कर्व्हच्या आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा दाब असतो आणि उभ्या अक्षावर सॅच्युरेशन, म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरलंय ते. अक्षाला एकक नाही हे खरं. तिथे ‘मिमी पारा’ लिहायचं राहिलं, आज घालतो. पण हसू आवरून एक प्रश्न विचारला असतात तरी हेच उत्तर मिळालं असतं. नर्सिंगच्या मुलींना सोळा वर्षं हा कर्व्ह फळ्यावर काढून दाखवतोय, तेव्हा ‘बेसिक कच्चं’ हे जरा लागलं.

आता तुमचं ‘सैल धरतं’. बरोबर आहे, सैलच धरतं. पण कुठे किती सैल, हे तुम्ही पाहिलंच नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे. हा कर्व्ह सरळ रेषा असता तर तुमची शंका रास्त होती. तो इंग्रजी ‘एस’सारखा आहे, कारण हिमोग्लोबिनच्या चार जागांपैकी एकीवर ऑक्सिजन बसला की उरलेल्या जागांवर बसणं सोपं होतं. त्यामुळे वरचं टोक जवळजवळ आडवं असतं आणि मधला भाग चांगलाच उताराचा. आडवा भाग उजवीकडे ढकलला तर उंचीत फारसा फरक पडत नाही. उतार ढकलला की त्याच दाबाला आपण बरेच खाली येतो. फुप्फुसातला दाब, साधारण १००, आडव्या भागात पडतो. पेशींकडून परतणाऱ्या रक्तातला, साधारण ४०, उतारावर.

गणित हवं होतं ना, घ्या. निम्मं सॅच्युरेशन ज्या दाबाला होतं तो पी-५०, नेहमी २७च्या आसपास. ३९ अंश ताप आणि रक्ताचा पीएच ७.३५ असेल तर तो साधारण ३२वर जातो. दाबावरून सॅच्युरेशन काढायच्या हिलच्या समीकरणात घातांक २.७ धरून मी आकडे काढलेत. पी-५० २७ असताना १०० दाबाला सॅच्युरेशन ९७ टक्के आणि ४० दाबाला ७४, म्हणजे पेशींपाशी २३ टक्के सुटले. पी-५० ३२ असताना तेच आकडे ९६ आणि ६५, म्हणजे ३१ टक्के सुटले. भरताना एक-दीड टक्का गमावला, उतरवताना नऊ-दहा टक्के जास्त मिळाले. हिमोग्लोबिन १५ असेल तर लिटरभर रक्तात पूर्ण भरल्यावर सुमारे २०० मिली ऑक्सिजन मावतो. म्हणजे लिटरमागे ४६ मिलीऐवजी ६२ मिली.

धावणाऱ्या स्नायूत तर तेवढाही तोटा नाही. तिथे उष्णता, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढतं म्हणून कर्व्ह तिथेच उजवीकडे जातो. तेच रक्त फुप्फुसात पोचून कार्बन डायऑक्साइड सोडतं, थोडं थंड होतं, आणि कर्व्ह परत डावीकडे येतो. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बोर आणि सहकाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम १९०४ साली दाखवला. माझा शोध नव्हे, तेव्हा राग माझ्यावर काढू नका.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र मीच सांगतो, तुम्ही ती मांडली नाहीत म्हणून. फार उंचीवर धमनीतलाच दाब ४०पर्यंत उतरला आणि पेशींपाशी २० राहिला, तर वरचा आडवा भाग हाती राहतच नाही. पी-५० २७ असताना ४३.५ टक्के सुटतात, ३२ असताना ४२.७. उजवीकडे सरकण्याचा फायदा संपला, उलट किंचित तोटाच. तिथे जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि कर्व्ह डावीकडे सरकतो, ते बरंच. लेखात ‘समुद्रसपाटीला’ हा शब्द हवा होता. घालतो.

कार्बन मोनॉक्साइडचं नाव नाही म्हणता, कारण तो लेख सरकण्याबद्दल होता, विषबाधेबद्दल नव्हता. तरी सांगतो: तो जागा अडवतो आणि उरलेल्या जागांचा कर्व्ह डावीकडे ओढतो, म्हणून निम्मं हिमोग्लोबिन त्याने अडवणं हे हिमोग्लोबिन निम्म्यावर आणणाऱ्या ॲनिमियापेक्षा वाईट. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर हे दाखवत नाही, तो कार्बन मोनॉक्साइडच्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनचंच समजून ९८ दाखवू शकतो.

पुढच्या वेळी आकडे मांडून चूक दाखवा, आनंदाने दुरुस्त करेन. नुसत्या हसण्याला उत्तर देणार नाही.