उंच पोरं हुशार का दिसतात?

तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, ‘उंच पोरं जास्त हुशार असतात का हो?’ आधी हसतील, ‘असं काही नसतं’ म्हणतील, आणि मग मनातल्या मनात वर्गावरून एकदा नजर फिरवतील. मीही प्राथमिकलाच शिकवतो, माझंही तेच होतं. खरं सांगायचं तर असं काहीतरी असतं. हजारो मुलांची उंची आणि त्यांचे गुण शेजारी शेजारी मांडले की उंच मुलं सरासरीने थोडी पुढे दिसतात. अमेरिकेत दिसतात, ब्रिटनमध्ये दिसतात, आपल्याकडे तर जास्तच ठळक दिसतात. ॲन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन या प्रिन्स्टनच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवलं की हा फरक वयाच्या तिसऱ्या वर्षीच दिसायला लागतो. म्हणजे पोरगं शाळेची पायरी चढायच्या आधी. त्यामुळे ‘उंच मुलाला मॉनिटर करतात, त्याचा आत्मविश्वास वाढतो’ एवढ्यावर हे भागत नाही.

आता यात एक फसवी गोष्ट आहे, ती आधी बाजूला काढू. पहिलीच्या एकाच वर्गात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मुलाच्या वयात अकरा-अकरा महिन्यांचं अंतर असतं. त्या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. मग रांगेत मागे उभा असलेला पोरगा उंच आहे की नुसता दहा महिन्यांनी मोठा आहे? दहा महिने मोठा असेल तर बेरजाही त्याला जास्त येणारच. म्हणून वर्गातल्या रांगेवरून काही ठरवायचं नाही. जन्मतारीख हातात घेऊन त्या वयाच्या आणि त्याच लिंगाच्या मुलांशी उंची ताडून बघायची. अंगणवाडीत तक्त्यावर किंवा ॲपवर हेच करतात. जन्मतारीख अंदाजाने टाकलेली असेल, तर तिथेच सगळा हिशोब कोलमडतो.

वय नीट धरलं तरी फरक उरतोच, आणि आपल्याकडचा फरक किती ते मोजलेलंही आहे. २००५ च्या सुमारास देशभरातल्या चाळीस हजारांवर कुटुंबांची मोठी पाहणी झाली. त्यात ८ ते ११ वर्षांच्या मुलांची उंची घेतली आणि त्यांना वाचायला, गणित करायला, एक साधं वाक्य लिहायला दिलं. डीन स्पीअर्स या संशोधकाने ती माहिती घेऊन २०१२ साली मांडणी केली. त्याचा हिशोब मी माझ्या भाषेत सांगतो.

शंभर मुलं सर्वसाधारण उंचीची घ्या. दुसरी शंभर त्यांच्यापेक्षा एका ‘पायरीने’ उंच. ही पायरी म्हणजे संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर आठ वर्षांच्या मुलासाठी ते जवळपास सहा सेंटिमीटर भरतं. या दुसऱ्या शंभरात वाक्य लिहिता येणारी मुलं पाचने जास्त निघाली. पाच! पन्नास नाही. म्हणजे बुटक्या मुलांतही भरपूर हुशार आणि उंच मुलांतही भरपूर ढ, हे आधी ध्यानात ठेवा. तरीही पाच हा आकडा छोटा नाही. उंचीबरोबर गुण वाढण्याचा हा उतार अमेरिकेत याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

मग त्याने घराची परिस्थिती हिशोबात धरली. पैसाअडका, आईबापांचं शिक्षण वगैरे. शिवाय त्यातल्या काही कुटुंबांची त्याच्या अकरा वर्षं आधीही पाहणी झालेली होती, म्हणजे मूल तान्हं असताना किंवा त्याच्या जन्माआधी त्या घरात काय होतं तेही माहीत होतं. पाणी कुठलं, संडास आहे का, हे सगळं. ते सगळं धरल्यावर पाचाचे ३.४ झाले. म्हणजे साधारण एक तृतीयांश फरक थेट घरच्या परिस्थितीत विरघळला. शिकलेली आई, दोन पैसे जास्त, पोराला दूधही मिळतं आणि गोष्टीचं पुस्तकही मिळतं. त्यातून उंची आणि गुण दोन्ही वाढतात, पण त्या दोघांचा आपसात काही संबंध नाही.

उरलेल्या साडेतीनाचं काय? त्यात थोडा वाटा आनुवंशिक असेल, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडचा उतार अमेरिकेपेक्षा दुपटीहून जास्त तीव्र आहे, हे आनुवंशिकतेने सांगून उलगडत नाही. आपल्याकडे उंचीतला बराचसा फरक आईबापांच्या उंचीतून येत नाही, तर बाळ पोटात असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत काय झालं त्यातून येतो. जिथे सगळ्यांना पोटभर मिळतं तिथे उंची आईबापांबद्दल सांगते. जिथे मिळत नाही तिथे ती जुन्या पासबुकासारखी असते, कधी काय जमा झालं आणि कधी खडखडाट होता ते दाखवणारी.

तो खडखडाट जवळून कसा दिसतो? दोन वर्षांच्या मुलीची तक्त्यावरची मधली लांबी ८६.४ सेंटिमीटर. ८० च्या खाली गेली की तिला खुरटलेली म्हणतात. साडेसहा सेंटिमीटरची ही तूट एका दिवसात पडत नाही. सहा महिने झाले, वरचं अन्न सुरू करायची वेळ आली, घरात वरणाचं पाणी आणि बिस्किट चालू झालं. पावसाळ्यात जुलाब, आठ दिवस बाळ खाईना. बरं होतंय तोवर पुन्हा जुलाब. प्रत्येक वेळी खाल्लेलं अंगी लागण्याऐवजी आजाराशी लढण्यात जातं, आतड्याचं अस्तर खराब होतं, आणि शरीर हाडांची वाढ थांबवतं. नेमक्या याच काळात मेंदूची सगळ्यात वेगवान वाढ चालू असते. लोह कमी, प्रथिनं कमी, तर तिथेही हात आखडता घेतला जातो. कारण एकच, परिणाम दोन. एक परिणाम टेपने मोजता येतो, दुसरा तिसरीच्या पेपरात कळतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त छळते. लहानखुरं, अशक्त मूल आजी कडेवरच ठेवते. ‘बारकं आहे अजून.’ ते कमी रांगतं, कमी हात लावतं, त्याच्याशी मोठी माणसं कमी बोलतात, कारण ते वयापेक्षा लहान वाटतं. पुढे शाळेत आम्हीही तेच करतो. अंगापिंडाने थोराड मुलाला फळ्याजवळ बोलावतो आणि बारक्याला ‘बस रे बाळा’ म्हणतो.

हे नुसतं माझं वाटणं नाही. १९८६-८७ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या संशोधिकेने ९ ते २४ महिने वयाची खुरटलेली १२९ मुलं घेतली आणि त्यांचे चार गट केले. एकाला दर आठवड्याला एक किलो दुधाची पावडर. दुसऱ्याकडे आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जायची आणि घरगुती खेळणी घेऊन आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची. तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षांनी दूध मिळालेली मुलंही पुढे होती, खेळलेलीही, आणि दोन्ही मिळालेली सगळ्यात पुढे. पण मुलं शाळकरी झाली, मोठी झाली, तसतसा दुधाचा बौद्धिक फायदा पुसट होत गेला आणि खेळाचा टिकला. बाविसाव्या वर्षी खेळाच्या गटातल्या मुलांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त निघाली. आणि गंमत म्हणजे त्या खेळाने कुणाची उंची वाढली नव्हती. उंची तिथेच, डोकं पुढे.

मग अन्नाचं महत्त्व नाही का? आहे, पण वेळेवर दिलं तर. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ दोन प्रकारची पेयं वाटली होती. दोन गावांत प्रथिनयुक्त ‘आतोले’, दोन गावांत नुसतं गोड सरबतासारखं ‘फ्रेस्को’. तीस-एक वर्षांनी त्याच मुलांना शोधून काढलं, तर पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई ४६ टक्क्यांनी जास्त होती. तीन वर्षांनंतर ज्यांना मिळालं त्यांना हा फायदा दिसला नाही.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. २००४ च्या सुमारास तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात काही गावं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून तिथे हागणदारीमुक्तीची मोहीम नेटाने राबवली. नंतर मोजलं तर त्या गावांतली लहान मुलं न निवडलेल्या गावांतल्या मुलांपेक्षा थोडी उंच भरली. फार नाही, चार वर्षांच्या मुलामागे साधारण सव्वा सेंटिमीटर. ही आपल्या जिल्ह्यातली गोष्ट म्हणून मला फार आवडते, पण पुढे बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत झालेल्या बऱ्याच मोठ्या प्रयोगांत संडास आणि हात धुण्याने उंची वाढली नाही हेही सांगितलं पाहिजे. तिथे उंचीत थोडा फरक पडला तो अन्नाने. सगळं गाव वापरतं की अर्धंच, यावर बहुधा बरंच अवलंबून असावं.

हे सगळं लिहायचं कारण असं, की मध्यंतरी एका पालकाने मला विचारलं, ‘गुरुजी, पोरगं बुटकं राहिलंय म्हणून अभ्यासात मागं पडतंय का? टीव्हीवरचा तो पावडरचा डबा आणू का?’ पोरगं नऊ वर्षांचं. डब्याची किंमत त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी. मी म्हटलं, आणू नका. त्या पैशात अंडी आणा, शेंगदाणे आणा, पण तेही उंचीसाठी नाही, भुकेसाठी आणि रक्तासाठी. शाळेची खिचडीही त्याचसाठी आहे. उपाशी पोर फळ्याकडे बघत नाही. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या वाक्यरचनेला सेंटिमीटर अडवत नाहीत. त्याला रोज अर्धा तास जवळ बसवून वाचून घेतलं तर वाचन सुधारतं, उंची आहे तेवढीच राहिली तरी.

मग सहज विचारलं, घरात अजून लहान कोण आहे? म्हणाला, चौदा महिन्यांची मुलगी. अंगणवाडीतून पाकीट मिळतं का? मिळतं, पण त्याचा शिरा करून सगळेच खातात. खरं काम तिथे होतं. त्याला म्हटलं, ते पाकीट तिचं एकटीचं. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, घट्ट, वर चमचाभर तेल. जुलाब झाले तर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त. आणि तिच्याशी बोला, वाटी-चमचा हातात द्या, आपटू द्या. तो हसला. ‘ते तर तिला आवडतंच, आईच हिसकावून घेते.’

माझं स्पष्ट मत आहे की आपण पोषणाचा बहुतेक गाजावाजा शाळेच्या वयात करतो आणि खरी गरज असते गरोदर आईच्या ताटात आणि दोन वर्षांच्या आत. आदिवासी भागातली अमृत आहार योजना गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं गरम जेवण देते, ती वयाच्या दृष्टीने अगदी योग्य जागी आहे. तिची बिलं वेळेवर निघाली तरी पुष्कळ. त्यात जमैकासारखी ती तासाभराची भेट जोडायला हवी. पण अंगणवाडीताईंच्या डोक्यावर आधीच इतकी ॲप आणि रजिस्टरं आहेत की हे काम त्यांच्यावर नुसतं ढकलून चालणार नाही, वेगळं माणूस लागेल.

शिक्षक मित्रांना एक विनंती. आरोग्य तपासणीचं पथक येऊन गेलं की उंचीचे आकडे कार्डावर पडून असतात. मोजताना वेणीचा गुच्छ टेपखाली आला का, टाचा भिंतीला टेकल्या का, एवढं बघा. मग जन्मतारखेप्रमाणे लावून पायाभूत चाचणीच्या गुणांशेजारी ठेवा. एका वर्गाच्या पंचवीस मुलांत काहीच दिसणार नाही, ते अपेक्षितच आहे. केंद्रातल्या आठ-दहा शाळांचं एकत्र केलंत तर काय दिसतं ते मुलांची नावं न टाकता कॉमेंटमध्ये जरूर सांगा.