दोन टक्के वर्षाचे नव्हेत, वीस दिवसांचे

"दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, म्हणजे कॅश डिस्काउंट! पण बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाला, म्हणजे सीसीला, बारा टक्के व्याज पडतं. बारा टक्क्यांनी उचलून दोन टक्के वाचवणारा व्यापारी वेडाच. त्यापेक्षा पुरवठादाराचे पैसे महिनाभर फुकट वापरा."

हा सल्ला देणारे एक विसरतात: बारा टक्के हे वर्षाचं व्याज आहे. कॅश डिस्काउंटचे दोन टक्के कितीच्या मुदतीसाठी आहेत? जीएसटी क्षणभर बाजूला ठेवून लाखाचं बिल घेऊ. दहाव्या दिवशी ९८,००० द्यायचे, नाहीतर तिसाव्या दिवशी १,००,०००. म्हणजे ९८,००० रुपये फक्त वीस दिवस जास्त वापरायला मिळतात आणि त्याचे २,००० रुपये पडतात. २,००० ला ९८,००० ने भागलं की २.०४ टक्के येतात. वर्षात असे सव्वाअठरा वीस दिवस बसतात, म्हणून वार्षिक दर सुमारे ३७ टक्के. चक्रवाढीने धरला तर ४४ च्या वर जातो.

आता सीसीतून उचलून बघा. ९८,००० वर बारा टक्क्यांनी वीस दिवसांचं व्याज साधारण ६४५ रुपये. वाचले २,०००. एका बिलामागे साडेतेराशे रुपये हातात राहतात. मला तरी यात वेडेपणा दिसत नाही.

"महिनाभर फुकट" हेही खरं नाही. फुकट आहेत ते पहिले दहा दिवस. म्हणूनच सूट घ्यायची तर तिसऱ्या दिवशी घाईने पैसे देऊ नका, दहाव्या दिवशी द्या. सगळ्यात वाईट सवय पंधराव्या दिवशी देण्याची: सूट गेली आणि मिळाले जेमतेम पाच दिवस. तिथे दर दीडशे टक्क्यांच्या घरात जातो.

एका ठिकाणी मात्र हा सल्ला टिकू शकतो. तीस दिवस नुसते कागदावर असून बाजारात साठाव्या दिवशी पैसे चालत असतील, तर २,००० रुपयांत पन्नास दिवस मिळतात आणि दर पंधरा टक्क्यांवर येतो. सीसीची मर्यादा संपली असेल आणि बाहेरून अठरा टक्क्यांनी उचलावे लागत असतील, तर तेव्हा सूट सोडणंच बरं. पण माल बनवणारा पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करार असला तरी कायद्याने ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. तेवढ्या मुदतीलाही दर २१ टक्के पडतो.

सूट बेसिकवर, म्हणजे जीएसटीआधीच्या रकमेवर आहे की पूर्ण बिलावर, हे आधी विचारा. लाखावर १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८,००० झालं आणि सूट बेसिकवरच असेल, तर २,००० वाचवायला दहाव्या दिवशी १,१६,००० मोजावे लागतात. मग दर ३७ वरून साडेएकतीसवर उतरतो. सीसीच्या बारापेक्षा तो तरीही अडीचपटीहून जास्त आहे.