अभ्यासाची रजा वेगळी, पेपरची वेगळी

परीक्षेसाठी ऑफिसात रजा टाकताना अभ्यासाचे आणि पेपरचे दिवस वेगळे लिहा म्हटलं, तर एका दादांचं म्हणणं: "दोन प्रकार कशाला करायचे? सरळ नऊ दिवसांचा एकच अर्ज टाकावा. अभ्यासाची रजा म्हणून वेगळं लिहिलं की साहेब नेमकी तीच कापतो. उगाच पोरांना चुकीचं शिकवू नका."

दादा, साहेब कापतो हे खरंच आहे, पण एकाच अर्जात पण तो कापतोच, फक्त मग काय कापलं जाईल ते आपल्या हातात राहत नाही. माझंच सांगतो. सीए फायनलच्या आधीच्या अटेम्प्टला मी सलग रजा टाकली होती, कारण म्हणून नुसतं 'परीक्षा' लिहिलं. साहेबांनी शेवटचे दोन दिवस काढून घेतले आणि त्यातल्या एका दिवशी माझा पेपर होता! त्यांना ते माहीतच नव्हतं, अर्जात कुठं होतं ते? हॉल तिकीट घेऊन पळापळ केली तेव्हा कुठं रजा परत मिळाली.

आता मे 2025 चं बघा. आमच्या शिरोलीच्या ऑफिसातल्या एका पोरीचा दुसरा ग्रुप होता, पेपर 8, 10 आणि 13 मे. तिनं अर्जात असं लिहिलं: "परीक्षा: 8, 10, 13 मे, पूर्ण दिवस, हॉल तिकीट सोबत जोडलंय. अभ्यास: 5, 6, 7, 9, 12 मे, काम असेल तर यातला दिवस बदलता येईल." 11 ला रविवार होता म्हणून तो लिहिलाच नाही. 7 तारखेला टीडीएस भरायची शेवटची मुदत, साहेबांनी त्या दिवशी अर्धा दिवस बोलावलं, ती आली आणि दुपारी गेली. पेपरच्या तारखांना कुणी हात लावला नाही.

पूर्ण दिवस हा शब्द मुद्दाम लिहायचा बरं का. फायनलचा पेपर दुपारी 2 ला असतो, त्यामुळं "सकाळी जरा येऊन जा की" असं म्हणणारे भेटतातच, आणि सेंटर कोल्हापुरातच असलं तर जास्तच.

आणि मग 9 तारखेला आलं की सीमेवरच्या तणावामुळं 9 ते 14 मे चे पेपर पुढं ढकललेत. तिचे दोन पेपर राहिले. तिनं लगेच मेल टाकला, 10 आणि 13 ची परीक्षा रजा नवीन तारखा आल्या की त्या दिवसांवर घ्या, आणि 12 ची अभ्यासाची रजा रद्द करा, मी कामावर येते. एका ओळीत मंजूर झालं. सलग नऊ दिवसांचा अर्ज असता तर त्यातलं पेपरसाठी किती आणि अभ्यासासाठी किती हे तिला तेव्हा नव्यानं समजावत बसावं लागलं असतं.

एक मात्र मान्य, कंपनीत परीक्षा रजा असा प्रकारच नसला तर हे सगळे दिवस आपल्याच शिल्लक रजेतून जातात, वेगळं लिहून एकही दिवस वाढत नाही. तरी कारणाच्या रकान्यात तारखा वेगळ्या लिहाच.