डीडी बँकेनेच दिलाय, साहेब!

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या फी-खिडकीत बसलं की हे वाक्य कानावर आल्याशिवाय एक तास जात नाही. चेक वटेल की नाही याची धास्ती प्रत्येकाला असते. डीडीचे, म्हणजे डिमांड ड्राफ्टचे, पैसे मात्र बँकेने आधीच वाजवून घेतलेले, म्हणून तो कागद कुणी वाचतच नाही. घरून निघताना देवाला नमस्कार केला की थेट माझ्या खिडकीत. मग वाचायचं कुणी? मी.

समजा, 12,500 रुपयांचा डीडी समोर आलाय. आधी बघायचं नाव. माहितीपत्रकात छापलेलं नाव एका हातात धरायचं, डीडी दुसऱ्या हातात, आणि शब्दाला शब्द जुळवायचा. आमचं खातं ‘प्रिन्सिपल’ या शब्दाने सुरू होतं. पालक मात्र बँकेचा फॉर्म भरताना नुसतं कॉलेजचं नाव लिहितात, कुणी संस्थेचं लिहितं, आणि एखादा उत्साही गृहस्थ चक्क प्राचार्यांचं स्वतःचं नाव घालतो. तो डीडी प्राचार्यांच्या पगाराच्या खात्यात जमा होऊ शकेल, फीच्या खात्यात नाही. दुसरा घोळ छपाईचा. नाव लांब असलं की मशीन रकान्यात मावेल तेवढंच छापतं आणि ‘कॉमर्स’चं ‘कॉम’ होतं. एवढं आमची बँक चालवून घेते. पण ‘सायन्स’च्या जागी ‘आर्ट्‌स’ आलं तर नाही, कारण त्या नावाचं कॉलेज पुढच्याच गल्लीत असतं.

मग रक्कम. आकडा बघून अक्षर न वाचणं हा जुना रोग आहे. कायदा म्हणतो, दोन्हींत फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी. पण क्लिअरिंगमध्ये कायद्यावर वाद घालायला कुणी बसत नाही, कागद सरळ परत येतो. माझ्या लाडक्या चुकीत मात्र आकडा नि अक्षर छान जुळलेलं असतं: बारा हजार चारशे एक्केचाळीस. पालकांनी मोजून साडेबारा हजार नेलेले असतात, ‘एवढ्याचा काढा’ म्हणून सांगितलेलं असतं. बँकेने त्यातूनच 50 रुपये कमिशन आणि त्यावरचा 9 रुपये जीएसटी कापून उरलेल्याचा डीडी हातात ठेवलेला असतो. ‘साहेब, 59 रुपये रोख देतो ना!’ काका, घेता आले असते तर घेतले असते. पण आमच्या पावतीत अर्धी फी कागदाची, अर्धी नाण्यांची असा रकानाच नाही.

तारखेच्या बाबतीत लोक अजून जुन्या जमान्यात आहेत. 1 एप्रिल 2012 पासून डीडीची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली, आणि ती डीडीवरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही तो कपाटातून काढता त्या दिवसापासून नव्हे. 12 एप्रिलचा डीडी 9 जुलैला आणला तर तो मेलेला नसतो, पण आचके देत असतो. मध्ये रविवार आला, बँकेत जाणारा शिपाई रजेवर गेला, की 14 तारखेला तो शिळा म्हणून परत. म्हणून निदान महिनाभर मुदत शिल्लक नसेल तर मी घेत नाही. मुदत वाढवून फक्त डीडी देणारी बँकच देते, तीही ज्याने तो काढला त्याने अर्ज केल्यावर. काढणाऱ्याचं नाव 15 सप्टेंबर 2018 पासून डीडीच्या तोंडावरच छापतात; त्यामुळे ‘मेव्हण्याने काढला, तो दुबईत असतो’ हे कळायला आता फोन करावा लागत नाही.

शेवटी शिक्का. डीडी देणारी शाखा एक, तो जिथे वटायचा ते ठिकाण दुसरं. पालक दोन्हींची गल्लत करतात. शिक्क्यात शाखेचं नाव आणि कोड वाचता आला पाहिजे, आणि सहीजवळ अधिकाऱ्याचा सही क्रमांक हवा. प्रत्यक्षात शाईच्या गड्डीवर दोनदा आपटलेला शिक्का नेमका सहीवर बसतो आणि दोन्हींचं मिळून एक जांभळं वांगं होतं. क्लिअरिंगला कागद जात नाही, त्याचा फोटो जातो; फोटोत ते वांगंच दिसतं. शंका आली की मी डीडी ट्यूबलाइटसमोर धरतो, कागदात ‘CTS-INDIA’ हा जलचिन्हाचा मजकूर उमटतो का बघतो. तरीही खुटखुटलं तर शाखेला फोन, पण नंबर बँकेच्या वेबसाइटवरून घेतलेला. डीडीसोबतच्या चिठ्ठीवरचा नंबर उचलणारा माणूस ‘हो, खरा आहे’ असंच म्हणणार.

एवढं सगळं जुळलं की पालक सुटकेचा श्वास टाकतात, अर्ज आणि डीडी एकत्र धरतात, आणि मी हात पुढे करायच्या आत स्टेपलर मारतात. बरोब्बर खालच्या पांढऱ्या पट्टीवर, जिथले आकडे मशीन वाचतं.